भिजली की पुसा, पुसली की वाळवा

इन्स्टाग्रामवर एकामागून एक सरकवायच्या चित्रांच्या पोस्टला कॅरोसेल म्हणतात. २०१७ साली ही सोय आली तेव्हा एका पोस्टमध्ये दहा चित्रं मावत. आता वीस मावतात. पण वाचक बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या चित्रावरच थांबतो. मजकूर चांगला असूनही असं होतं, तेव्हा आधी मथळे तपासावेत.

समजा, पावसात भिजलेल्या कोल्हापुरी चपलेची निगा कशी राखायची, यावर पोस्ट करायची आहे. पहिल्या खर्ड्यातले मथळे असे: ‘पाणी हा चामड्याचा शत्रू’, ‘चप्पल कशी वाळवाल?’, ‘तेल लावणे’, ‘कागदात गुंडाळून ठेवा’. एक विधान, एक प्रश्न, एक नुसती क्रिया, एक सूचना. दर वेळी वाक्याची चाल बदलते आणि वाचकाला नव्याने सुरुवात करावी लागते. शिवाय एक मथळा दोन ओळींचा, दुसरा दोन शब्दांचा. मग अक्षरं कुठे बारीक, कुठे मोठी करावी लागतात आणि मांडणी विस्कटलेली दिसते.

आता हेच असं लिहून पाहू: ‘भिजली की पुसा’, ‘पुसली की वाळवा’, ‘वाळली की तेल लावा’, ‘तेल मुरलं की गुंडाळा’. साचा एकदा कळला की नजर फक्त बदललेल्या शब्दाकडे जाते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने ताल तिथेच ठरतो. म्हणून ‘पुसा’नंतर ‘वाळवावी’ किंवा ‘तेल लावणे’ आलं की ठेच लागते. इथे तर प्रत्येक मथळा मागच्याचं शेपूट धरून येतो, त्यामुळे पुढचं चित्र आपसूक सरकवलं जातं. सावलीत वाळवा, तेलाचे चार थेंब सुती फडक्यावर घ्या, प्लॅस्टिकऐवजी वर्तमानपत्र वापरा, हे तपशील मथळ्याखाली बारीक अक्षरांत द्यावेत.

या साखळीत एक अडचण आहे. पहिलं चित्र न सरकवता पुढे गेलेल्या वाचकाला इन्स्टाग्राम नंतर कधी कधी दुसरंच चित्र आधी दाखवतं. नुसतं ‘भिजली की पुसा’ वाचून काय भिजली ते त्याला कळणार नाही. म्हणून ‘कोल्हापुरी चप्पल’ ही छोटी पट्टी प्रत्येक चित्राच्या माथ्यावर एकाच जागी ठेवावी.

सगळे मथळे कागदावर एकाखाली एक लिहून मोठ्याने वाचले की अडखळणारा लगेच सापडतो. ‘पाणी हा चामड्याचा शत्रू’ या साच्यात बसत नाही, कारण ती कृती नाही, कारण आहे. ते ओढूनताणून बसवण्यापेक्षा ‘पुसा’च्या खालच्या मजकुरात जावं. साचा मुद्दाम मोडायचा असेल, तर एकदाच आणि शेवटी: ‘उन्हात मात्र ठेवू नका’. आधीची चार चित्रं एका चालीची असतात, म्हणूनच ही ताकीद डोळ्यांत भरते.