भाषांतराचा सराव ‘मला’पासून

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्यांची रीत सोपी होती: आधी थोडा नियम, मग लगेच वाक्यं, मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीतही. आठवी-नववीच्या वर्गात ती आजही चालेल, फक्त एका वेळी एकच अडचण घ्यावी. सुरुवातीला ‘मला’ घ्यावं, कारण मराठी मुलं इथेच हमखास अडखळतात.

‘मला ताप आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला भूक लागली’, ‘मला पोहता येतं’, ‘मला जावं लागेल’. मराठीत सगळीकडे ‘मला’ आहे आणि इंग्रजीत सगळीकडे ‘आय’ येतो. पण पुढचं क्रियापद मात्र दर वेळी बदलतं: हॅव, ॲम हंग्री, कॅन, विल हॅव टू. शब्दाला शब्द लावणारं मूल ‘टू मी’ने सुरुवात करतं आणि तिथेच फसतं.

म्हणून पहिल्या दिवशी फक्त ‘हॅव’ची पाच वाक्यं द्यावीत. दुसऱ्या दिवशी ‘कॅन’ आणि ‘हॅव टू’ मिसळावेत. तिसऱ्या दिवशी ‘मला’च्या जागी ‘तिला’ घालावं: ‘हॅव’चं ‘हॅज’ होतं, ‘कॅन’ मात्र तसंच राहतं. प्रश्न आणि नकार त्यानंतर.

चौथा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चार वाक्यांचा एक उतारा द्यायचा: ‘मला ताप होता. आईने मला औषध दिलं. मला शाळेत जाता आलं नाही. बाईंनी मला अभ्यास सांगितला.’ ‘मला’ म्हणजे ‘आय’ असं पाठ केलेली मुलं दुसऱ्या वाक्यात चुकतात. औषध देणारी आई आहे, म्हणून वाक्य आईपासून सुरू होतं आणि ‘मला’चं ‘मी’ होतं: मदर गेव्ह मी मेडिसिन. चौथ्या वाक्याचंही तसंच. तेव्हा पेन उचलण्याआधी ‘इथे करणारा कोण?’ हे मुलांनी विचारायलाच हवं. करणारा कोणी नसेल, नुसतं काही होत किंवा वाटत असेल, तर ज्याला ते होतं तोच इंग्रजीत पुढे येतो.

दोन दिवसांनी मराठी उतारा झाकून, आपल्याच इंग्रजीवरून तो पुन्हा मराठीत लिहायला लावावा आणि मूळ उताऱ्याशी ताडून पाहावा. अर्थ हरवला असेल तर कुठे हरवला, ते मूल स्वतःच शोधतं. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ असं कोणी लिहिलं, तर तोही पकडायचा दोष आहे; वही ‘माझ्याकडे’ असते, भाऊ नाही.

तपासताना अर्थाचे आणि व्याकरणाचे गुण वेगळे द्यावेत. अर्थ बरोबर पण ‘हॅज’ चुकलेलं मूल आणि आईऐवजी स्वतःच औषध देणारं मूल, या दोघांना एकच शेरा देणं अन्यायाचं आहे.

या सरावाने बोलण्याचा वेग येणार नाही, म्हणी-वाक्प्रचारही सुटणार नाहीत. त्यांचा सराव वेगळा घ्यावा लागतो. शिक्षकांना एकच विनंती: वाक्यं गाइडमधून घेऊ नका, मुलांच्या वह्यांमधल्या चुकांतून तयार करा.