मांड्या दुखतात, पण गोळीमुळेच का?

समजा, अठ्ठावन्न वर्षांच्या एका गृहस्थांना अॅटोरवास्टॅटिन २० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही मांड्या भरून आल्या, जिना चढणं जड झालं. गोळीचं नाव ऐकताच शेजाऱ्यांनी निकाल दिला, "स्टॅटिन ना? मग दुखणारच!"

शेजारी अगदीच चुकलेले नाहीत. स्टॅटिनचं दुखणं असंच असतं. दोन्ही बाजूंना सारखं, मांड्या, पोटऱ्या, खांदे अशा मोठ्या स्नायूंत, आणि बहुधा पहिल्या महिना-दीड महिन्यात सुरू होणारं. एकच गुडघा दुखत असेल किंवा पायात मुंग्या येत असतील, तर कारण दुसरीकडे शोधावं.

पण लक्षणं जुळली म्हणून गोळीच दोषी ठरत नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये एक सुंदर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या दिल्या. चारांत स्टॅटिन, चारांत हुबेहूब दिसणारी औषधहीन गोळी, चार रिकाम्या. त्रासाला रोज शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८ आली, खोट्या गोळीवर १५.४ आणि खऱ्या गोळीवर १६.३. म्हणजे गोळी घेतल्यावर वाढलेल्या त्रासाचा नव्वद टक्के भाग खोट्या गोळीनेही दिला! दुखणं खरंच होतं. ते औषधातून आलेलं नव्हतं, एवढंच.

आता आपल्या गृहस्थांकडे वळू. चौकशीत कळलं की गोळीबरोबरच त्यांनी पहाटे टेकडी चढायलाही सुरुवात केली होती. डॉक्टरांनी आठवडाभर टेकडी बंद ठेवून सीके ही स्नायूंची तपासणी केली, कारण व्यायामानेही सीके वाढतं. शिवाय थायरॉइडची टीएसएच तपासणी केली. हे फार महत्त्वाचं. थायरॉइड मंदावलं की स्नायू दुखतात आणि कोलेस्टेरॉलही वाढतं. मूळ दुखणं तेच असेल तर निव्वळ गोळी बदलून भागत नाही.

दोन्ही तपासण्या ठीक आल्या, तरी मांड्या दुखतच होत्या. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी महिनाभर थांबवली, आणि दुखणं गेलं. इथे पुष्कळजण थांबतात, तिथेच चूक होते. खरी परीक्षा गोळी पुन्हा सुरू केल्यावर असते. त्यांना रोसुवास्टॅटिन ५ मिलिग्रॅम दिली. दोन महिने झाले, तक्रार नाही. पुन्हा दुखलं असतं तर एझेटिमाइबसारखा वेगळा पर्याय होताच.

हृदयात स्टेंट असेल तर गोळी परस्पर बंद करू नका. मात्र हातपाय गळाल्यासारखे होऊन लघवी काळ्या चहासारखी झाली, तर गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. असं क्वचितच होतं, पण त्यात मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.