भिंतीचा शेवटचा सांधा

पू होणाऱ्या गळवांमध्ये बहुधा सापडणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या पेशीत बाहेरच्या हवेच्या सुमारे 20 पट दाब असतो. तरी पेशी फुटत नाही, कारण तिच्याभोवती पेप्टिडोग्लायकनची भिंत असते. दोन प्रकारच्या शर्करा एकाआड एक जोडून तिच्या लांब साखळ्या बनतात. त्यांपैकी एका शर्करेला पाच अमिनो आम्लांचे शेपूट असते. शेजारच्या साखळ्यांची शेपटे एकमेकांना जोडली, की मासेमारीच्या जाळ्यासारखी अखंड वीण तयार होते.

हे सामान पेशीच्या आत तयार होते, पण वीण घालायची असते पटलाबाहेर. म्हणून दोन शर्करा आणि शेपूट असा एकेक घटक पटलातल्या एका मेदवाहकावर चढवून बाहेर नेला जातो. तिथे आधी साखळी वाढते, मग सांधे जुळतात. अडचण अशी, की पटलाबाहेर ऊर्जा पुरवणारा एटीपी नसतो. जिवाणूने ही सोय आधीच करून ठेवलेली असते. शेपटाच्या टोकाला डी-ॲलानिनचे दोन रेणू एकमेकांना जोडलेले असतात. सांधणारे विकर त्यांच्यामधला बंध तोडते, शेवटचे ॲलानिन गळून पडते आणि उरलेले शेपूट क्षणभर विकराला चिकटते. रिकाम्या झालेल्या जागी शेजारच्या शेपटाचे टोक येते. स्टॅफिलोकॉकसमध्ये ते पाच ग्लायसिनच्या पुलाचे टोक असते. नवा बंध जुळतो आणि विकर मोकळे होते.

पेनिसिलिन नेमके इथेच आड येते. त्याच्या रेणूचा आकार त्या जोड-ॲलानिनसारखा असल्याने विकर फसते आणि त्याचे ताणलेले वलय फोडते. पण फुटलेला भाग ॲलानिनसारखा गळून पडत नाही. तो जागा अडवून बसतो आणि विकर निकामी होते. इकडे वाढीसाठी जुनी वीण कापणारी विकरे मात्र थांबत नाहीत. भिंत विरत जाते आणि आतल्या दाबाने पेशी फुटते. म्हणूनच वाढ थांबलेल्या जिवाणूंवर हे औषध फारसे चालत नाही. माणसाच्या पेशींना ही भिंतच नसल्याने ॲलर्जी नसेल, तर पेनिसिलिनची मोठी मात्राही सहसा सोसते. भिंत नसलेल्या मायकोप्लाझ्मावर ते मुळीच चालत नाही.

जिवाणूंनी यावर तोड काढली. काही जण पेनिसिलिनच फोडणारे विकर बनवतात. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसकडे मात्र एक जादा सांधणारे विकर असते. त्याची कामाची खाच इतकी मिटलेली असते, की औषध तिथे सहजी शिरत नाही.

तिथे व्हँकोमायसिन उपयोगी पडते. ते विकराला न शिवता थेट जोड-ॲलानिनवरच टोपीसारखे बसते. पण काही एंटरोकॉकस शेवटच्या ॲलानिनऐवजी लॅक्टिक आम्ल जोडतात. तेवढ्याने एक हायड्रोजन बंध हुकतो, औषधाची पकड सुमारे हजारपटीने ढिली पडते आणि सांधणारी विकरे हे नवे टोकही बिनतक्रार तोडतात.