तिकोनी आठ गुंठ्यांची वाटणी

समजा, रस्त्याच्या वळणावर दोघा भावांची आठ गुंठे जागा आहे. तुकडा तिकोनी. रस्त्यालगतची बाजू 132 फूट, आणि समोरचं टोक रस्त्यापासून काटकोनात मोजलं तर 132 फूट आत. पाया गुणिले उंची भागिले दोन, म्हणजे 8712 चौरस फूट. गुंठा 33 बाय 33 फुटांचा, म्हणजे 1089 चौरस फुटांचा, तेव्हा हिशेब बरोबर आठ गुंठ्यांचा.

टोकापासून रस्त्याच्या मध्यावर दोरी ताणली, तर दोन सारखे भाग सहज पडतील. पण थोरल्याला रस्त्याकडे दुकान काढायचंय आणि धाकट्याला मागे शांतपणे राहायचंय, म्हणून बांध रस्त्याला समांतर घालायचा ठरतो. (मागच्याने ये-जा कुठून करायची, हा तंटा भूमितीला सुटत नाही.) मग कोणीतरी म्हणतं, 132ची निम्मी 66, तिथे घाला बांध. असं केलं तर धाकट्याचं तोंड उतरेल. त्याच्या वाट्याला 66 फूट पायाचा आणि 66 फूट उंचीचा त्रिकोण येतो, म्हणजे 2178 चौरस फूट. अवघे दोन गुंठे. थोरल्याकडे सहा!

कागदाचा त्रिकोण कापून बघितलं की कारण दिसतं. तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू जोडून घड्या घाला. आत चार सारखे त्रिकोण पडतात. टोकाकडचा त्यांतला एक. बाजू निम्मी झाली की क्षेत्रफळ पाव होतं.

दहावीच्या भूमितीत हेच प्रमेय असतं: दोन त्रिकोण समरूप असतील तर त्यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराइतकं असतं. युक्लिडच्या ग्रंथात ते सहाव्या पुस्तकातलं 19वं विधान आहे. समरूप म्हणजे आकार तोच, मापं लहान-मोठी: कोन जुळतात आणि संगत बाजू एकाच पटीत असतात.

आता सिद्धता. ABC आणि PQR हे दोन समरूप त्रिकोण घ्या. A मधून BC वर AD हा लंब टाका, P मधून QR वर PS. क्षेत्रफळांचं गुणोत्तर काढताना वरचा-खालचा निम्मा छाटला जातो आणि उरतं:

(BC × AD) / (QR × PS)

पाया किती पट आहे ते ठाऊक आहे, उंचीचं मात्र दाखवावं लागतं. त्यासाठी ABD आणि PQS हे आतले छोटे त्रिकोण बघा. B आणि Q हे कोन सारखे, कारण मूळ त्रिकोण समरूप आहेत. D आणि S पाशी काटकोन. दोन कोन जुळले, की हे त्रिकोणही समरूप. म्हणून

AD / PS = AB / PQ = BC / QR

म्हणजे उंचीही पायाच्याच पटीत बदलते. वरच्या गुणोत्तरात AD / PS च्या जागी BC / QR ठेवलं की BC² / QR² मिळतं. सिद्धता संपली. वर्ग येतो तो एवढ्यासाठीच: एकदा पायाची पट, एकदा उंचीची.

वर्गात एक शंका हमखास निघायला हवी, पण क्वचितच निघते. B हा कोन विशाल असेल तर लंब त्रिकोणाबाहेर पडतो, मग काय? तेव्हा छोट्या त्रिकोणात B चा बाहेरचा कोन येतो, पण 180 मधून सारखेच कोन वजा केले की उरतातही सारखेच. युक्तिवाद तसाच चालतो. B काटकोन असेल तर AB हीच उंची, मग छोटा त्रिकोण लागतच नाही.

परत बांधाकडे येऊ. बांध रस्त्याला समांतर असल्यामुळे धाकट्याचा त्रिकोण पूर्ण त्रिकोणाशी समरूप आहे. त्याला निम्मं क्षेत्रफळ हवं, म्हणजे लांबीच्या पटीचा वर्ग 1/2 हवा. म्हणून पट 1/√2, सुमारे 0.707. या पटीने 132ला गुणलं की 93.34 फूट. एवढं अंतर टोकापासून. रस्त्यापासून मोजलं तर सुमारे 38 फूट 8 इंच.

बांध जरा तिरपा गेला, की समरूपता गेली आणि हे गणितही गेलं. म्हणून बांधाच्या दोन्ही टोकांपासून रस्त्यापर्यंत काटकोनात टेप धरावा. दोन्हीकडे आकडा एकच आला, तरच खुंट्या ठोकाव्यात.

भाऊ तीन असतील तर बांध दोन लागतील, टोकापासून 76.21 आणि 107.78 फुटांवर. हे आकडे कसे आले, ते करून पाहा.