लाल दगड जास्त की दगड जास्त?

उन्हाळ्यात हिंगोलीजवळ कयाधूचं पात्र आटतं आणि मुलांचे खिसे फुगायला लागतात. गुळगुळीत गोटे, शिंपले, शंख, फुटक्या बांगड्यांचे तुकडे, सोड्याच्या बाटल्यांची बुचं. कपडे धुताना आई खिसे उलटे करते आणि विचारते, "हा उकिरडा कशाला आणलास घरात?" बिचाऱ्या पोराला उत्तर देता येत नाही. उत्तर खरंच सोपं नाही.

कॅरोलिन बर्क नावाच्या अमेरिकन बाईंनी हाच प्रश्न कॅलिफोर्नियातल्या बाराशेहून जास्त शाळकरी मुलांपुढे ठेवला होता. ही गोष्ट 1900 सालची. जवळजवळ प्रत्येकाने काही ना काही साठवलेलं निघालं आणि हा नाद सर्वांत जोरात होता साधारण आठ ते अकरा या वयात. नेमका तेव्हाच का? त्याचा एक धागा पुढे ज्याँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञाच्या कामात सापडतो. मुलं वस्तूंची विभागणी कशी करतात, हे ते बारकाईने बघत असत.

तुमच्या घरी चार-पाच वर्षांचं भावंड असेल तर त्याच्यापुढे दहा गोटे ठेवा, सात लाल आणि तीन पांढरे. "सारखे सारखे एकत्र लाव," असं सांगा. तो दोन-तीन लाल लावेल, मग मध्येच म्हणेल, "ही रेल्वे!" आणि पांढरा दगड इंजिन होईल. आता विचारा, "लाल दगड जास्त की दगड जास्त?" बहुतेक तो ठासून सांगेल, "लाल!" तुम्ही हसाल, पण त्याची अडचण समजून घ्या. लाल गोटे वेगळे काढले की त्याच्या मनात उरतात फक्त पांढरे, म्हणून तो लालची तुलना पांढऱ्यांशी करतो. तोच लाल गोटा 'लाल'मध्येही आहे आणि 'दगडां'मध्येही, हे दोन्ही एका वेळी मनात धरणं सात-आठ वर्षांच्या आसपास जमायला लागतं. पियाजेंनी हाच प्रश्न लाकडी मण्यांवर विचारला होता. ही नवी हुशारी हाती आली की ती वापरायला काहीतरी लागतंच. नियम लावायचे, मोडायचे, पुन्हा लावायचे. त्यासाठी फुकटात मिळणारा माल म्हणजे दगड आणि बुचं!

त्यातून आपल्याकडचे दगड म्हणजे मजाच. रंगावर वाटण्या केल्या की फसायला होतं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारस पसरला आणि त्याचा काळा खडक झाला. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे पाण्यातून आलेली खनिजं त्यांत साचत गेली. खडक झिजला, पण आतल्या गारगोट्या टणक असल्यामुळे टिकल्या आणि नदीत आल्या. त्यांच्यासारखेच पांढरे दिसणारे चुनखडीचे गोटेही शेतात सापडतात. दोन्ही 'पांढरे' म्हणून एका डब्यात टाकू नका. दोन्हींवर लिंबू पिळून बघा. चुनखडीवर बारीक बुडबुडे फसफसतात, गारगोटीला काही होत नाही. दोन गारगोट्या मिट्ट काळोखात जोरात घासल्या, तर घासतात तिथे क्षणभर मंद उजेड दिसतो. (डोळ्यांपासून लांब धरा, कपची उडते.)

आणखी एक फसवणूक सगळ्यांना माहीत आहे. पाण्यात लखलखणारा गोटा घरी येऊन वाळला की फिका पडतो. त्याच्या अंगावर बारीक ओरखडे असतात आणि प्रकाश त्यांवरून इकडेतिकडे विखुरतो. पाणी ते खाचखळगे भरून काढतं, म्हणून खरा रंग दिसतो. तेलाचा हात फिरवलात तरी तेच होईल.

पण वाटण्या करणं एवढंच कारण असतं, तर आईने फेकलेल्या गोट्याऐवजी तसाच दुसरा चालला असता. चालतो का? ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या दोघांनी 2008 मध्ये छापलेला एक प्रयोग आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक पेटी दाखवली आणि सांगितलं, हे यंत्र कुठल्याही वस्तूची हुबेहूब नक्कल करतं. साध्या खेळण्यांची नक्कल मुलांनी आनंदाने घेतली. पण रोज कुशीत घेऊन झोपायचं खेळणं असलं की काहींनी ते पेटीत ठेवायलाच नकार दिला, आणि ज्यांनी ठेवलं त्यांतल्या बहुतेकांना आपलंच परत हवं होतं. दिसायला सारखं असणं त्यांना पुरेसं नव्हतं. वस्तू कुठून आली, कुणाजवळ होती, हेही मुलं मोजत होती.

म्हणूनच बुचांची अदलाबदल वर्गात झटपट होते, कारण कारखान्यातून ती सारखीच निघतात. आजोबांबरोबर कयाधूत सापडलेला गोटा मात्र पाच बुचांनाही कुणी देत नाही.