देशी कुत्रं, रोवणीचे दिवस आणि नागपूरचं बिल

भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात कुत्र्याचा खर्च विचारला, तर उत्तर ठरलेलं असतं: "त्याले कायचा खर्च? उरलंसुरलं खाते न् अंगणात पडून राहाते." यातलं अर्धं खरं आहे. देशी कुत्र्याला महागडं खाद्य लागत नाही, अंग विंचरायला कुणी लागत नाही. पण जात देशी आहे म्हणून पार्व्होचा विषाणू, गोचीड किंवा साप वाट बदलत नाहीत.

लाखनीकडच्या एखाद्या धान पिकवणाऱ्या घरातली पंधरा किलोची देशी कुत्री धरू. दवाखान्यागणिक दर बदलतात, म्हणून इथे हिशेबाला सोयीचे गोल आकडे घेतो. वाचणाऱ्याने आपल्या डॉक्टरांना विचारून आपले भरावेत. घरचा भात-पोळी आहेच, पण त्यावर अंडी, थोडं दूध, कधी मटणाचे तुकडे मिळून महिन्याला 1,000, म्हणजे वर्षाचे 12,000. वर्षातून एकदा बहुरोगी लस 800 आणि रेबीजची 300. दर तीन महिन्यांनी जंताची गोळी, वर्षाचे 250. गोचिडांसाठी आठ महिने औषध, महिन्याला 300 प्रमाणे 2,400. बेरीज 15,750, म्हणजे महिन्याला साधारण 1,300 रुपये. यातली गोचिडांची रक्कम लोक सर्वांत आधी कापतात. मग गोचीड तापाने कुत्री खाणं सोडते, हिरड्या पांढऱ्या पडतात, आणि रक्ताच्या तपासण्या व तीन-चार आठवड्यांच्या गोळ्यांत वाचवलेले पैसे जातात.

दुसरा गैरसमज लसीचा. "सुई दिली आहे" असं सांगणाऱ्याने बहुधा रेबीजची एकच सुई दिलेली असते. रेबीजची लस हवीच, पण ती पार्व्होपासून वाचवत नाही. पार्व्होसाठी बहुरोगी लस लागते आणि पिल्लाला तिचा एक डोस पुरत नाही. आईच्या पहिल्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात काही आठवडे टिकते आणि त्या काळात दिलेली लसही तीच निकामी करते. कोणत्या पिल्लात ती कधी ओसरेल हे बाहेरून दिसत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यायचे. पहिल्या वर्षी लसीचा खर्च वाढतो तो यामुळे. मादीच्या नसबंदीची शस्त्रक्रियाही पहिल्याच वर्षाच्या हिशेबात धरावी. ती टाळलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात उतारवयात पू होण्याचा धोका राहतो आणि मग तीच शस्त्रक्रिया तातडीने, जास्त पैशांत आणि जास्त जोखमीने करावी लागते.

लस 2 ते 8 अंश तापमानात राहिली तरच लस असते. मे महिन्यातल्या विदर्भाच्या उन्हात औषध दुकानातून घेतलेली कुपी शर्टाच्या खिशात घालून गावी नेली, तर सुईचे पैसे दिले एवढंच होतं. सुई दिल्यावर डॉक्टर कुपीवरचं चिटोरं सोलून लसीकरणाच्या पुस्तिकेत चिकटवतात. त्यावर लसीचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असते. ते नसेल तर तिथेच मागून घ्यावं. पुढे विमा कंपनी हीच पुस्तिका मागते.

तिसरी समजूत अशी की गावात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, तेव्हा मोठं बिल येणारच नाही. लसीकरण, जखमेची मलमपट्टी, साधा ताप यांसाठी तो मोठा आधार आहे आणि शुल्कही नाममात्र असतं. पण ही व्यवस्था मुख्यतः गाय, म्हैस, शेळीसाठी उभी राहिली आहे. रात्रीची वेळ, प्राणवायू, सतत देखरेख असं काही लागलं की गाडी नागपूरकडे वळते. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, शहरात खासगी दवाखाने आहेत. भंडारा शहरापासून हे अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. साकोली-लाखांदूरकडून आणखी बरंच जास्त.

धानाच्या मुलखातलं या बिलाचं खरं कारण बरेचदा साप असतो. रोवणीच्या दिवसांत कुत्री मालकामागे बांधीत जाते, पाळीवरच्या बिळात नाक घालते आणि तोंडावर किंवा पुढच्या पायावर दंश घेऊन परतते. घोणस चावली तर काही वेळातच तो भाग फुगतो, कधी रक्त थांबत नाही. नाग किंवा मण्यार असेल तर सूज फारशी नसेलही; मण्यारीची तर खूणही धड दिसत नाही. पापण्या उतरतात, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात आणि शेवटी श्वास अडतो. अशा वेळी घट्ट आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही. कुत्रीला चालू न देता उचलून न्यायचं आणि निघण्याआधी दवाखान्यात फोन करून प्रतिविष शिल्लक आहे का, एवढंच विचारायचं. झाडफूक करून बरी झालेली कुत्री प्रत्येक गावात सापडते. तिला धामण चावलेली असते, किंवा विषारी सापाने विष न सोडता दंश केलेला असतो.

"कुत्रं लहान, म्हणजे औषध कमी, खर्चही कमी" हा हिशेब इथे उलटा पडतो. प्रतिविष कुत्र्याच्या वजनावर नव्हे, सापाने सोडलेल्या विषावर चालतं. विष तेवढंच असेल तर छोट्या अंगाला ते जास्त जड जातं, आणि कुप्या कमी लागतील याची खात्री नसते. या कुप्या माणसांसाठी बनतात त्याच. सरकारी रुग्णालयात माणसाला त्या मोफत मिळतात. कुत्रीसाठी विकत घ्याव्या लागतात.

आपल्या कुत्रीचा हिशेब करू. चार कुप्या, प्रत्येकी 700, म्हणजे 2,800. सलाईन, तपासण्या, प्राणवायू आणि देखरेख मिळून तीन दिवस, रोज 2,500 प्रमाणे 7,500. रात्री सांगितलेली गाडी 3,000 आणि तिसऱ्या दिवशी आणायला पुन्हा 3,000. एकूण 16,300, वर्षभराच्या खर्चाहून जास्त. त्यातला एक तृतीयांशाहून मोठा वाटा नुसत्या गाडीभाड्याचा आहे, आणि अंदाज बांधताना नेमका तोच विसरला जातो.

"मग विमा काढू" म्हणणाऱ्यांनी पॉलिसी आधी वाचावी. जनावरांच्या सरकारी विमा योजनेत घरचं कुत्रं बसत नाही. खासगी पॉलिसींत वयाची अट असते, सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ असतो, आधीचा आजार वगळलेला असतो. लस आणि जंताच्या गोळ्यांचे पैसे सहसा मिळत नाहीत. लसीने टळणारा आजार लस न देता झाला, तर दावा नाकारला जाऊ शकतो. बहुतेकदा बिल आधी खिशातून भरावं लागतं, पैसे मागाहून येतात. म्हणजे विमा असला तरी त्या रात्री रोख लागतेच.

आणि ती रात्र जुलै-ऑगस्टमधली असण्याची शक्यता जास्त. तेव्हा घरातला पैसा रोवणीच्या मजुरीत आणि खतात गेलेला असतो. महिन्याला 700 बाजूला टाकले तर दोन वर्षांत 16,800 जमतात, पण शेतकऱ्याच्या घरात दरमहा पगार येत नाही. त्यापेक्षा धानाचे चुकारे जमा झाले की त्यातून एकदमच 8,400 वेगळ्या खात्यात टाकावेत. पहिल्या पावसाळ्यात तेवढ्यात गाडी, कुप्या आणि पहिल्या दिवसाचं बिल निघतं. उरलेल्यासाठी दवाखान्यात हप्त्याचं बोलणं करता येतं, आणि ते कुत्री दाखल करायच्या आधीच करून घ्यावं.