पाय कापलेला आलेख

व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता आलेख येतो. सोबत ना प्रश्न, ना मजकूर. अशा वेळी मी आधी अक्ष वाचतो. २०१२ साली अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीने दाखवलेला आलेखच घ्या. त्यात दोनच खांब: ‘आता’ आणि ‘१ जानेवारी २०१३’. उभ्या अक्षावर प्राप्तिकराचा सर्वोच्च दर, ३५ वरून ३९.६ टक्के. कल चढता, हे खरंच. पण दुसरा खांब पहिल्याच्या पाचपटीहून उंच! कारण अक्ष शून्याऐवजी ३४ पासून सुरू होतो. म्हणजे पहिल्या खांबाची उंची उरली १, दुसऱ्याची ५.६. प्रत्यक्ष वाढ मूळ दराच्या जेमतेम १३ टक्के. खांबाची लांबीच आकडा सांगते, म्हणून त्याला शून्य हवंच. तापाच्या तक्त्यातल्या रेषेला मात्र नको; शून्यापासून काढली तर ताप दिसणारच नाही.